कोयनेला उन्हाळ्यात पाणी आहे, जूनमध्ये नाही

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. चहा घेऊन बसा.

गेल्या आठवड्यात गावाकडं गेलो होतो. मृगाचा पाऊस दोन दिवस बरा झाला होता, ओढ्याला गढूळ पाणी आलं होतं, आणि सवयीनं संध्याकाळी बॅटरी घेऊन ओढ्याच्या तोंडाशी गेलो, जिथं तो कोयनेला मिळतो. लहानपणी याच दिवसांत आम्ही चुलत्यांबरोबर चढणीचे मासे बघायला जायचो. धरायला म्हणा हवं तर. पहिल्या पुराच्या पाण्यात नदीतले मासे उलटे वर चढतात, ओढ्यात शिरतात, भातखाचरापर्यंत जातात. रात्री बॅटरी मारली की पाण्यात नुसती चुळबुळ दिसायची.

या खेपेला ओढा फुगलेला आणि नदी मात्र खाली गेलेली. गोटे उघडे. ओढ्याचं पाणी नदीत पडतंय ते फूट-दीड फुटाच्या पायरीवरून. शेजारी एक भोई काका जाळं आवरत होते. त्यांना विचारलं, काका, नदी का एवढी खाली? म्हणाले, "आवो, पाऊस सुरू झाला न्हवं, मग वरनं पाणी बंद केलं."

पाऊस सुरू झाला म्हणून नदीचं पाणी बंद. आपल्या नदीची सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे. ती नीट उलगडायची तर आधी वीज कशी होते ते बघावं लागेल, कारण हे पाणी कुठं जातं याचं उत्तर तिथंच आहे.

धरणातून वीज होते म्हणजे काय? शाळेत आपण पाठ केलं की पाण्याच्या जोरावर चाक फिरतं. बरोबर आहे, पण जोर येतो कुठून? उंचीवरून. किती पाणी पडतं आणि किती उंचीवरून पडतं, या दोनच गोष्टींचा गुणाकार म्हणजे वीज. थोडं घर्षणात जातं, थोडं यंत्रात जातं, तरी शंभरातला ऐंशी-नव्वद भाग हाती लागतो. कोळसा जाळून यातला निम्मासुद्धा मिळत नाही.

आता आपल्या घरावरची हजार लिटरची टाकी डोळ्यासमोर आणा. तेवढं पाणी, म्हणजे एक टन, आपल्या कोयना धरणाच्या भिंतीच्या वरून पायथ्याशी पडलं तर साधारण सत्तर-ऐंशी मीटरची पडझड मिळते. त्यातून होणारी वीज एका युनिटच्या पाचव्या भागापेक्षाही कमी. पंखा दोन-तीन तास फिरेल, बस्स.

तीच टाकी पश्चिमेला नेली तर? शिवसागर जलाशयाची पूर्ण भरल्यावरची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६५९ मीटर. आपल्या बाजूला, पूर्वेला, जमीन हळूहळू उतरते. पाटण, कऱ्हाड, सांगली, सगळं पठार. पण पश्चिमेला सह्याद्रीची भिंत सरळ कोकणात कोसळते. नवजाच्या बाजूनं डोंगराच्या पोटातून जवळपास चार किलोमीटरचं भुयार काढलं आणि पाणी पोफळीच्या भूमिगत वीजघरात सोडलं, की एका दमात पावणेपाचशे मीटरची उंची मिळते. तीच हजार लिटरची टाकी आता एका युनिटपेक्षा थोडी जास्त वीज देते. पुढं ते पाणी कोळकेवाडीच्या धरणात अडवून परत शंभरेक मीटर खाली सोडतात, म्हणजे आणखी पाव युनिट. एकूण सव्वा युनिटच्या वर. पूर्वेच्या सहा-सातपट.

हे एकदा लक्षात आलं की बाकी सगळं आपोआप कळतं. आपली नदी डोंगराच्या पलीकडं का गेली? सातपट वीज तिकडं आहे म्हणून. यात कुणाची चोरी नाही, लबाडी नाही. ज्यांनी हे पहिल्यांदा हेरलं ते हुशारच लोक होते. कृष्णा पाणी तंटा लवादानंसुद्धा दरवर्षी ६७.५ टीएमसी पाणी विजेसाठी पश्चिमेला वळवायला मान्यता दिलेली आहे. धरणाची साठवण १०५ टीएमसी. म्हणजे भरल्या धरणातला जवळजवळ दोन तृतीयांश हिस्सा घाटाखाली जातो, वाशिष्ठीत पडतो आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत, अरबी समुद्रात. कृष्णेचं पाणी, जे बंगालच्या उपसागराला जायचं, ते उलट्या दिशेच्या समुद्राला मिळतं. सरकारी भाषेत त्याला अवजल म्हणतात. वीज काढून झाल्यावर उरलेलं पाणी.

पोफळीच्या यंत्रांबद्दल थोडं सांगतो, कारण ते बघण्यासारखं आहे. तिथली चाकं पेल्टन जातीची. चाकाच्या कडेला दुहेरी वाट्या बसवलेल्या असतात, आणि नळीच्या टोकातून पाण्याची धार त्या वाट्यांवर आदळते. पावणेपाचशे मीटर उंचीचा दाब मागे असल्यावर ती धार सेकंदाला नव्वदेक मीटर वेगानं सुटते. ताशी तीनशे किलोमीटरच्या वर. हे चाक सुरू व्हायला काही मिनिटं पुरतात, आणि बंद करायलाही. औष्णिक केंद्र थंड पडलं तर पेटवून जोडायला तास न् तास लागतात. म्हणून संध्याकाळी सात वाजता सगळ्या महाराष्ट्रानं एकदम दिवे, पंखे, टीव्ही लावले की कोयना धावून येते. आपण जिला कोयनेची वीज म्हणतो ती बरीचशी गर्दीच्या वेळेची वीज आहे. मान्य करायलाच हवं, तिला आजही सोपा पर्याय नाही. १,९६० मेगावॅटचा प्रकल्प आहे, आणि सौर ऊर्जा वाढेल तशी सूर्य मावळल्यानंतरच्या या विजेची किंमत वाढणारच आहे.

म्हणून "धरण पाडा" वगैरे मी म्हणत नाही. माझ्या आजोळची जमीन पाण्याखाली गेली, त्या घराचा मी नातू आहे, तरी म्हणत नाही. पण वीज काढताना नदीचं काय होतं, हे मात्र आपल्याकडं धड कुणी बोलत नाही. बोलतो ते टीएमसीत. किती भरलं, किती सोडलं, सांगलीला किती, विजेला किती. मासा टीएमसी मोजत नाही. त्याला पाणी किती यापेक्षा कधी आलं ते महत्त्वाचं.

आपल्या नदीतले बरेचसे मासे पावसाळ्याच्या सुरुवातीला अंडी घालतात. महसीर घ्या. हाताएवढे खवले, सोनेरी अंग, मोठा ताकदीचा मासा. महाडजवळ वाळण कोंडीत देवीचे मासे म्हणून लोक ज्यांना लाह्या-कुरमुरे टाकतात, ते याच कुळातले. उन्हाळाभर हा मासा खोल डोहात राहतो. पहिला पाऊस झाला, नदी चढली, पाणी गार आणि गढूळ झालं, की त्याला कळतं, वेळ झाली. मग तो प्रवाहाच्या उलटा वर निघतो आणि स्वच्छ, खडे-गोट्यांचा तळ असलेल्या वाहत्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यांना सतत वाहत्या पाण्यातला ऑक्सिजन लागतो. गाळात पडली की कुजतात. पिल्लं बाहेर आली की काठाच्या उथळ, गवताळ पाण्यात वाढतात, कारण तिथं खायला असतं आणि मोठा मासा पोचत नाही. शिंगटा, मरळ, वाम, छोट्या-छोट्या मळ्या, प्रत्येकाचं थोडं वेगळं असतं. पण पहिल्या पुराची हाक बहुतेकांना लागते.

आता धरणाचं वर्ष बघा. कोयनेचा हिशेब १ जूनला सुरू होतो. तेव्हा जलाशय तळाशी गेलेला असतो. जून उजाडतो, महाबळेश्वर-नवजाला धो धो पाऊस लागतो, आणि नदीला येणारा पहिला पूर, दुसरा पूर, तिसरा पूर, सगळा धरण गिळतं. गिळायलाच बांधलंय ते. वक्र दरवाजे उघडतात ते बहुतेक वर्षी जुलैच्या अखेरीला किंवा ऑगस्टमध्ये, धरण भरत आलं की. तोवर खालच्या नदीला धरणातून काय मिळतं? उन्हाळ्यात सांगलीच्या मागणीसाठी पायथा वीजगृहातून पाणी सुरू असतं. एक यंत्र चाललं तर १,०५० क्युसेक, दोन्ही चालली तर २,१००. पाऊस सुरू झाला की शेतीची मागणी थांबते, आणि बहुतेक वर्षी नेमकं त्याच दिवसांत हेही बंद होतं.

म्हणजे बघा, एप्रिल-मेमध्ये, जेव्हा ही नदी मुळात बारीक धारेवर यायची, तेव्हा ती बऱ्यापैकी वाहते. आणि जूनमध्ये, जेव्हा ती मुळात फुगायची, तेव्हा ती खाली जाते. पात्र तेच, पण वर्ष उलटं झालं. डोहात थांबलेल्या माशाला हाक येतच नाही. किंवा मागून, सहा-सात आठवड्यांनी, एकदम पन्नास हजार क्युसेकच्या लोंढ्यानं येते. तोवर मादीच्या पोटातली अंडी तयार होऊन जिरून गेलेली असतात. जिरतात, हो. योग्य वेळ मिळाली नाही तर मासळीचं शरीर अंडी परत शोषून घेतं.

राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ साली सगळ्या राज्यांना सांगितलं की नद्यांत उन्हाळ्यातल्या सरासरी प्रवाहाच्या किमान १५ ते २० टक्के पाणी वाहतं ठेवा. चांगलंच झालं. पण आपल्या कोयनेवर हा नियम लावून बघा. धरणाखाली उन्हाळ्यात त्याहून कितीतरी जास्त पाणी आहे. कागदावर आपली नदी पहिल्या वर्गात पास. किमान प्रवाहाच्या नियमाला जून दिसतच नाही.

बरं, धरण एवढंच करतं का? नाही. पण बाकीच्या गोष्टी तुम्हाला स्वतः जाऊन तपासता येतील अशा आहेत, म्हणून त्याच सांगतो.

पायथा वीजगृह चालू असताना धरणाखाली थोड्या अंतरावर सुरक्षित जागी पाण्यात हात घाला आणि मग एखाद्या ओढ्याच्या पाण्यात घाला. मेमध्ये फरक चांगला जाणवतो. जलाशयाचं वरचं पाणी उन्हानं तापतं, खालचं गार राहतं, आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. यंत्राला जाणारं पाणी खालून घेतलेलं असतं. गार, आणि त्यात ऑक्सिजन कमी, कारण तळाशी पाला-पाचोळा कुजत असतो. कधी कुजक्या अंड्याचा वास आला तर समजा, तळाचं पाणी आलंय. काही किलोमीटर खडकांवरून वाहिलं की ऑक्सिजन भरून निघतो. गारवा मात्र जायला वेळ लागतो, आणि मासा पाण्याच्या उबेवर अंडी पिकवतो.

मग तळ बघा. धरणाच्या खाली वाळू जवळजवळ नाही, नुसते मोठे गोटे, एकमेकांत घट्ट बसलेले, वर शेवाळाचा बुळबुळीत थर. वरची वाळू-खडी धरणाच्या मागे अडकली. इथं होती ती ऑगस्टच्या लोंढ्यांनी वाहून नेली आणि परत भरून देणारं कुणी नाही. ज्या बारीक खड्यांत मासा अंडी घालतो ते खडेच गेले. पाटणला केरा मिळते तिथून खाली चित्र बदलतं, कारण केरा स्वतःची वाळू-खडी घेऊन येते. आमच्या भोई काकांना विचारलं, जाळं कुठं टाकता? त्यांनी सांगितलेल्या पाच जागांपैकी चार ओढ्याच्या किंवा उपनदीच्या तोंडाशी होत्या. त्यांना कुणी नदीशास्त्र शिकवलेलं नाही.

आणखी एक. पाणी एकदम बंद केलं की काठाच्या डबक्यांत पिल्लं अडकतात. बोटाच्या पेराएवढी, काचेसारखी. दुपारपर्यंत डबकं तापतं आणि बगळे पुढचं काम करतात. पाणी वाढवताना माणसांसाठी भोंगा वाजवतात, जपून राहा म्हणून. उतरवताना कुणासाठी काही नसतं. वास्तविक एकदम शून्यावर न आणता तेच पाणी दहा-बारा तासांत पायरीपायरीनं उतरवलं तर यातली बरीच पिल्लं पाण्याबरोबर मागं सरकतात. याला फारसा पैसा लागत नाही, वेळापत्रक बदलावं लागतं.

यंत्रात मासे कापले जातात का, हा प्रश्न लोक हमखास विचारतात. पोफळीच्या वाटेला लागलेला मासा वाचत नाही. भुयारातून उतरताना त्याच्यावर हवेच्या दाबाच्या सत्तेचाळीसपट दाब चढतो आणि नळीच्या टोकाला एका क्षणात उतरतो. त्याच्या पोटातली हवेची पिशवी ते सोसूच शकत नाही, वाटीवर आदळायचं तर पुढंच. पण पाणी आत घेण्याचं तोंड खोलवर असतं, तिथं मासे कमी फिरतात, आणि तोंडाला जाळी असते. त्यामुळं कोयनेत यंत्रात मरणाऱ्या माशांपेक्षा जन्मालाच न आलेल्या माशांचा आकडा मला जास्त मोठा वाटतो. त्याचा फोटो काढता येत नाही, एवढीच अडचण.

धरणाच्या वरच्या बाजूलाही दोन गोष्टी आहेत. शिवसागर म्हणजे मेलेलं पाणी नव्हे. तापोळ्याच्या बाजूला सोळशी आणि कांदाटी येऊन मिळतात, वरची कोयनाही महाबळेश्वरकडून मोकळी येते. जलाशयात राहून पावसाळ्यात या नद्यांमध्ये चढणारे मासे तिथं टिकतात. पण ज्यांचं सगळं आयुष्य वाहत्या, उथळ, खडकाळ पाण्यात जातं, दगडाला पोटाच्या चकतीनं चिकटून राहणारे छोटे मासे वगैरे, त्यांच्यासाठी पन्नास किलोमीटरचं तळं म्हणजे वाळवंटच. सह्याद्रीतल्या अशा कित्येक जाती जगात दुसरीकडं कुठं नाहीत. कृष्णेच्या खोऱ्यात एक मासा आहे, दुसऱ्या माशांचे खवले कुरतडून खातो. शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये त्याचं शास्त्रीय नाव ठेवताना आपल्या लोकांचाच शब्द उचलला, खवलचोर. जगभरच्या पुस्तकांत तो मराठी नावानं आहे. आपल्या किती पोरांनी तो बघितलाय?

दुसरी गोष्ट मत्स्यबीजाची. धरणांत दरवर्षी कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडतात आणि अहवालात मत्स्योत्पादन वाढलं म्हणून लिहितात. हे गंगेच्या खोऱ्यातले मासे. त्यांच्यावर राग नाही, चवीला चांगले लागतात. पण दरवर्षी का सोडावी लागतात, हा प्रश्न कुणी विचारत नाही. कारण त्यांनाही अंडी घालायला वाहतं, चढतं पाणीच लागतं. तळ्याच्या थांबल्या पाण्यात त्यांचं पुढं चालत नाही. लोणावळ्यात वळवणला टाटांच्या वीज कंपनीनं कित्येक दशकं महसीरची पैदास करून पिल्लं देशभर दिली, ते काम मोलाचं आहेच. पण पिल्लू सोडलेल्या नदीत जून नसेल तर ते मोठं होऊन काय करणार?

घाटाखाली वाशिष्ठीचं उलटं झालं. कोकणातली ही छोटी नदी उन्हाळ्यात डोह-डोह व्हायची. साठहून जास्त वर्षं तिच्यात बारा महिने अवजल येतंय, आणि तेही विजेच्या मागणीप्रमाणं कमी-जास्त. खाडीत गोडं आणि खारं पाणी कुठं भेटतं ती रेघ खाली समुद्राकडं सरकते. खाडीचे मासे, कालवं, खेकडे या खारेपणाच्या रेघेवर जगतात. चिपळूणला पाणी मिळालं हा फायदा खरा, आणि खाडीच्या भोई-कोळी लोकांचं दुःख त्याहून मोठं कारखान्यांच्या सांडपाण्याचं आहे, हेही खरं. पण आता अवजल मुंबईला न्यायची चर्चा अधूनमधून होते. तेव्हा लक्षात घ्या, इतकी वर्षं सवय लावून मग एकदम तोडायचं म्हणजे दुसऱ्यांदा तीच नदी बदलायची. वाशिष्ठीच्या काठच्या मित्रांनी यावर सविस्तर लिहावं, माझ्यापेक्षा त्यांचा अधिकार मोठा.

मी माझ्या नदीपुरती मागणी मांडतो. जूनमध्ये, पाणलोटात पाऊस लागून धरणात आवक सुरू झाल्यावर, सलग तीन दिवस पायथा वीजगृहाची दोन्ही यंत्रं चालवा. पहिला दिवस पायरीपायरीनं वाढवा, तिसऱ्या दिवशी पायरीपायरीनं उतरवा. ओढ्यांना पाणी आलेलं असतानाच. म्हणजे नदी आणि ओढा एका पातळीला येतील आणि ती फूट-दीड फुटाची पायरी बुडेल.

हिशेब करून देतो, कुणी "माशांसाठी वीज घालवायची का" म्हणायच्या आधी. २,१०० क्युसेक म्हणजे सेकंदाला साठेक हजार लिटर, आपल्या साठ टाक्या. तीन दिवस पूर्ण चालवलं तरी अर्ध्या टीएमसीच्या किंचित वर, दीड कोटी टाक्या. हेच पाणी पश्चिमेला गेलं असतं तर दोन कोटी युनिट झाले असते. पूर्वेलाही त्यातून वीज होणारच आहे, पंचवीस-तीस लाख युनिट. म्हणजे तोटा पावणेदोन कोटी युनिटचा. कोयना वर्षाला साधारण तीनशे कोटी युनिट देते. शंभर रुपयांत साठ पैसे.

आणि हा तोटासुद्धा सगळ्या वर्षी नाही. ज्या वर्षी धरण भरून ऑगस्टमध्ये सहा वक्र दरवाजे उघडतात, त्या वर्षी हे अर्धा टीएमसी पाणी नाहीतरी सांडव्यावरूनच जाणार होतं. त्या वर्षी खर्च शून्य. खरा तोटा २०२३ सारख्या वर्षी, जेव्हा धरण भरलं नाही आणि हिवाळ्यात सांगलीच्या पाण्यावरून भांडणं झाली. तर अशा वर्षासाठी अट घाला. २० जूनपर्यंत आवक सुरू झाली नाही तर सोडू नका. मी शेतकऱ्याच्या तोंडचं पाणी माशाला द्या म्हणत नाही. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सांगलीच्या शेतकऱ्यालाही नदीचं पाणी नको असतं, त्याचं शेत पावसानं भिजलेलं असतं. पुराची भीती म्हणाल तर २,१०० क्युसेक हे उन्हाळ्यात नेहमीच सोडलं जाणारं पाणी आहे, पात्राच्या बाहेर येत नाही.

पाटबंधारे खात्यातले निवृत्त झालेले एक साहेब ओळखीचे आहेत. त्यांना हे सांगितलं तर हसले. म्हणाले, "अरे बाबा, कागदावर मागणी नसेल तर पाणी सोडता येत नाही. शेतीची मागणी येते, पिण्याची येते, उद्योगाची येते. माशाची मागणी कोण सही करणार?" हसण्यावारी नेलं त्यांनी, पण मला वाटतं त्यांनी नेमकी जागा दाखवली. मागणीच्या तक्त्यात हा रकानाच नाही. तो कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत मागावा लागेल, आणि आपल्या आमदारांना तिथं खुर्ची आहे.

याच्यासोबत एक छोटं काम गावपातळीवर होण्यासारखं आहे. पाटण ते कऱ्हाड नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. त्यांचे बरगे पावसाळ्याआधी काढायचे असतात. काही ठिकाणी जून संपत आला तरी निघत नाहीत. तीन दिवसांचं पाणी सोडलं आणि मध्ये बरगे घातलेले असले तर मासा तिथंच आपटून थांबणार, आणि वरच्या बाजूला जाळी लावून बसलेल्यांची चंगळ. चढणीच्या या दोन आठवड्यांत ओढ्यांच्या तोंडाशी जाळं लावायचं नाही, असं आपल्या तीन-चार ग्रामपंचायतींनी ठरवलं तरी फरक पडेल. हो, मीही लहानपणी धरलेत. चुलत्यांनी पोटात अंडी असलेली मादी परत सोडायला लावलेली आठवते, तेव्हा राग आला होता.

शेवटचं काम तुमच्याकडं. पुढच्या जूनमध्ये मला तीन तारखा हव्यात. तुमच्या ओढ्याला पहिलं गढूळ पाणी कधी आलं, त्या दिवशी नदी चढलेली होती की उतरलेली, आणि मासे चढताना पहिल्यांदा कधी दिसले. दिसले नाहीत तर तसंही लिहा. सोबत गावाचं नाव आणि ओढ्याच्या तोंडाचा एक फोटो, त्यात एखादी काठी उभी करून, म्हणजे पाण्याची पायरी किती ते कळेल. विसर्गाचे आकडे रोज जाहीर होतात, ते मी शेजारी मांडतो. पाटण, मल्हारपेठ, तांबवे, कऱ्हाड, जिथून जमेल तिथून पाठवा. बैठकीला जाताना हातात तेवढा कागद असला तर साहेबांना रकाना पाडून द्यायला बरं पडेल.

यंदाचा जून अजून संपलेला नाही. आज रात्री पाऊस आहे म्हणतात. बॅटरी चार्ज करून ठेवलीय.